शेठ म्हणाले, ‘बधाने मेल करी दो’: पण त्याआधी काय करायचं?

*मकरपुरा जीआयडीसीत आमचा व्हॉल्व्ह बनवण्याचा कारखाना आहे. स्टोअरमध्ये बारकोड लावून साठ्याची नोंद नव्या सॉफ्टवेअरवर न्यायचं ठरलं आहे आणि नियोजन विभागातून ते काम माझ्याकडे आलं आहे. शेठ एवढंच म्हणाले, ‘बधाने मेल करी दो’, म्हणजे सगळ्यांना मेल करून टाका. गेल्या वर्षी दुसऱ्या एका कामासाठी मी असाच मेल पाठवला होता. उद्दिष्ट, जबाबदाऱ्या, टप्पे, सगळं होतं त्यात. एकाचंही उत्तर आलं नाही, पहिल्या मीटिंगला अकरापैकी चौघं आले आणि स्टोअरचे भाई म्हणाले, ‘मला कुणी सांगितलंच नाही.’ काम सप्टेंबरअखेर सुरू करून जानेवारीत संपवायचं आहे. या वेळी मेल कसा लिहू?*
*एक वाचक, मांजलपूर, वडोदरा*

नमस्कार.

स्टोअरचे भाई खोटं बोलले नाहीत. त्यांना मेल आला होता, पण त्यात त्यांच्याकडून नेमकं काय हवं आहे हे त्यांच्याशी आधी कुणी बोललं नव्हतं. कारखान्यात मेल ही बातमी सांगायची जागा नाही. आधी ठरलेली गोष्ट सगळ्यांसमोर पक्की करायची ती जागा आहे. म्हणून मेल लिहायला बसण्याआधी चार माणसांना प्रत्येकी पंधरा मिनिटं भेटा: स्टोअरप्रमुख, हिशेब विभाग, उत्पादनप्रमुख आणि रात्रपाळीचा सुपरवायझर. शेठना शेवटी भेटा, कारण या चौघांकडून निघालेले दोन-तीन निर्णय त्यांच्याकडूनच घ्यावे लागतील.

यातलं रात्रपाळीच्या सुपरवायझरचं नाव बहुतेक याद्यांत नसतं. पण तुमच्यासारख्या कारखान्यात साठा चुकतो कुठे, ते पाहा. रात्री स्टोअर बंद असतं आणि किल्ली सुपरवायझरकडे असते. असेंब्लीला गॅस्केट कमी पडलं की तो कुलूप उघडून चार नग काढतो, इश्यू स्लिप सकाळी लिहू म्हणतो, आणि सकाळी पाळी सुटते. बारकोड लावल्याने हे थांबत नाही. उलट नोंद न करता उचललेला माल नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी ठळक चुकीचा दिसतो. हा माणूस घोषणेत नसेल तर उरलेल्या दहा जणांनी कितीही नेमाने काम केलं तरी आकडा जुळणार नाही. त्याला सकाळी सातला पाळी सुटताना गाठा आणि एकच गोष्ट विचारा: रात्री माल काढताना स्कॅन करायला किती वेळ परवडेल, आणि स्कॅनर कुठे ठेवला तर तो खरोखर हातात घेतला जाईल? त्याच्या उत्तरातून मेलमधली त्याची ओळ तयार होईल.

स्टोअरप्रमुखांशी बोलताना वेगळी गोष्ट समोर येईल, कदाचित शब्दांत न येता. पहिली पूर्ण मोजणी झाली की वर्षानुवर्षांची तूट उघडी पडणार, आणि ती आपल्या नावावर लागेल ही धास्ती त्यांना असते. ही धास्ती मिटली नाही तर मोजणीच्या आदल्या आठवड्यात बिन कार्डं, म्हणजे कप्प्यावरची साठ्याच्या नोंदीची कार्डं, ‘सुधारली’ जातात, आणि मग मोजणी कागदाशी छान जुळते, खऱ्या मालाशी नाही. यावर उपाय एकच आहे. पहिल्या मोजणीत निघालेली तूट कुणा एका माणसाच्या नावावर टाकली जाणार नाही, हे शेठनी स्वतः ठरवायचं आणि स्वतःच्या नावाने लिहायचं. शेठ तयार नसतील तर मेल थांबवा. या एका ओळीवाचून सुरू केलेली मोजणी दोन महिन्यांत पुन्हा करावी लागते.

म्हणूनच मेल शेठच्या खात्यातून जाऊ द्या. मसुदा तुम्ही लिहा, त्यांना दाखवा, पण पाठवणारे ते असावेत. उत्पादनप्रमुख तुमचे वरिष्ठ आहेत. त्यांच्या माणसांचा वेळ मागणारा मेल तुमच्या नावाने गेला तर ती विनंती ठरते, आणि महिनाअखेरच्या डिस्पॅचपुढे विनंती मागे पडते.

आता उद्दिष्ट. ‘साठ्याची नोंद अचूक व पारदर्शक करणे’ हे वाक्य कोणत्याही कारखान्यात कोणत्याही वर्षी खपेल, म्हणून ते इथे निरुपयोगी आहे. आज काय स्थिती आहे आणि जानेवारीत काय हवी, हे एकाच मापाने सांगा. ते माप मेलआधी एका दुपारी काढता येतं. समजा तुमच्या यादीत १,८५० वस्तू आहेत. यादी कोडच्या क्रमाने लावा, १ ते १८ मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा, तिथून सुरू करून दर अठरावी वस्तू घ्या आणि पहिल्या १०० वर थांबा. ज्याला कागदावरचा आकडा माहीत नाही अशा माणसाकडून रॅकवरचा माल मोजून घ्या, नाहीतर तो नकळत कागदाला जुळवून मोजतो. बॉडी, बॉनेट, स्टेम असे नग तंतोतंत जुळायला हवेत. नट-बोल्ट वजनावर मोजता, तिथे दोन टक्क्यांची सूट ठेवा. समजा १०० पैकी ६८ वस्तू जुळल्या. मग उद्दिष्ट असं होतं: २३ जानेवारीला याच रीतीने १०० वस्तू मोजल्या तर निदान ९५ जुळल्या पाहिजेत. शंभरच्या शंभर लिहू नका. चालू स्टोअरमध्ये मोजणीच्या क्षणी काही माल हातात, ट्रॉलीवर किंवा तपासणीत असतोच, आणि न गाठता येणारा आकडा पहिल्याच मीटिंगमध्ये हसण्यावारी नेला जातो.

सोयीच्या वस्तू निवडून मोजण्याचा मोह टाळा. रोज लागणारे नग बहुधा जुळतात, कारण त्यांच्यावर रोज नजर असते. गडबड असते ती सहा महिन्यांतून एकदा लागणाऱ्या वस्तूंत, आणि असेंब्लीही त्यांच्यासाठीच अडते.

उद्दिष्टाला लागूनच, या कामात काय येत नाही ते लिहा. तुमच्याकडे मशीनिंग किंवा प्लेटिंगसाठी जॉबवर्कवर बाहेर गेलेला माल असणारच. तो या कामात धरला आहे की नाही? तुम्ही गप्प राहिलात तर खरेदी विभाग ‘धरला आहे’ समजेल आणि हिशेब विभाग ‘नाही’ समजेल, आणि हा वाद मोजणीच्या दिवशी दुपारी फुटेल. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला तो बाहेर ठेवा. चलनावर गेलेला माल मोजायचा तर दहा वेगवेगळ्या ठिकाणी माणसं पाठवावी लागतात. तयार व्हॉल्व्ह आणि भंगार हेही बाहेर ठेवा. ही तीन नावं मेलमध्ये स्पष्ट लिहा.

जबाबदाऱ्यांच्या तक्त्यात विभागापुढे ‘सहकार्य करतील’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ कुणालाच कळत नाही. त्याऐवजी या कामात भांडण होऊ शकेल असे निर्णय शोधा आणि प्रत्येकापुढे एकच नाव लिहा. तुमच्या बाबतीत असे निर्णय तीन दिसतात. एकाच वस्तूला दोन कोड निघाले तर कुठला ठेवायचा? मोजणीत निघालेला फरक खतावणीत कुणाच्या सहीने उतरवायचा? रात्री स्कॅनर बंद पडला तर माल द्यायचा की नाही? पहिला डिझाइन विभागाचा. दुसरा हिशेब विभागाचा, पण एका मर्यादेपर्यंत, समजा एका वस्तूत ५,००० रुपयांचा फरक, आणि त्यावरचा शेठचा. तिसरा उत्पादनप्रमुखाचा. निर्णयापुढे दोन नावं आली की निर्णय होत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा करील. सल्ला घ्यायला हवा तितक्यांचा घ्या, सही एकाचीच ठेवा.

टप्प्यांच्या तारखा ठरवताना सॉफ्टवेअरवाल्याचा तक्ता जसाच्या तसा घेऊ नका. तो बहुधा आठवडे मोजतो, वडोदऱ्याचं वर्ष त्याच्या तक्त्यात नसतं. तुमच्याच तारखा घ्या. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात करायची म्हणता, पण कर लेखापरीक्षणाच्या अहवालाची नेहमीची मुदत ३० सप्टेंबर असते. त्या आठवड्यात हिशेब विभागातला माणूस देहाने आला तरी मनाने येणार नाही. दर महिन्याच्या १० ते ११ आणि १८ ते २० या तारखाही त्यांच्यासाठी जीएसटीच्या विवरणपत्रांमुळे घट्ट असतात. म्हणून पहिली मीटिंग मंगळवारी ६ ऑक्टोबरला घ्या. पुढच्या रविवारी, ११ तारखेला, नवरात्र बसतं. त्या नऊ दिवसांत वडोदऱ्यात सकाळी नऊची मीटिंग ठेवणं म्हणजे गरब्याहून पहाटे परतलेल्या माणसांपुढे बोलणं, पण टेबलावरचं काम दुपारी नीट होतं. म्हणून यादी साफ करण्याचं काम नवरात्रात ठेवा.

रॅक लावणं आणि लेबलं चिकटवणं दिवाळीच्या साफसफाईबरोबर करा, कारण तेव्हा माल तसाही हलवला जातो. लेबल कुठलं घ्यायचं तेही याच वेळी ठरवा. साध्या थर्मल लेबलवरची छपाई उष्णतेने आणि तेलाच्या हातांनी काही महिन्यांत पुसट होते. रिबन वापरून छापलेलं लेबल टिकतं, आणि ते नगावर नाही, रॅकच्या कप्प्यावर लावायचं.

मोजणी मात्र दिवाळीच्या सुटीत ठेवू नका. कारखाना बंद असतो म्हणून ती तारीख फार सोयीची दिसते. पण लाभपाचमीपर्यंत निम्मी माणसं गावी असतात, छठपूजेला गेलेले त्याहूनही उशिरा परततात, आणि माल ओळखणारे जुने हातच नसले तर मोजणीत ‘अज्ञात वस्तू’ असा ढीग तयार होतो. नोव्हेंबरची अखेरही नको, कारण त्या दिवसांत महिन्याचा डिस्पॅच निघतो आणि मोजत असलेल्या रॅकवरूनच कुणीतरी माल ओढतं. शनिवार-रविवार ५ आणि ६ डिसेंबर हे जुळतं, आणि सोमवारी ७ तारखेला नवी पद्धत सुरू होते. त्या सोमवारी सकाळपासून जुनी एक्सेल फाइल फक्त पाहण्यासाठी राहील, हेही घोषणेतच लिहा. ‘काही दिवस दोन्हीकडे नोंद करू’ ही सवलत मागितली जाईलच. दोन नोंदी चालू राहिल्या की फरक पडल्यावर प्रत्येक जण आपल्या सोयीची नोंद खरी धरतो. फार तर महागड्या कास्टिंगसाठी बिन कार्डं दोन आठवडे ठेवा, बाकीची उचलून घ्या.

प्रत्येक टप्प्याला ‘झालं’ कधी म्हणायचं ते लिहा. ‘यादी साफ करणे’ हा टप्पा कधीच संपत नाही. ‘प्रत्येक वस्तूला एकच कोड, एकच माप आणि एकच जागा असलेली यादी डिझाइन विभागाने सही करून दिली’ हा संपतो.

हे सगळं हाती आलं की मेल लहान होतो. खाली तो मराठीत देत आहे म्हणजे वाचकांना सलग वाचता येईल. तुमच्याकडे ज्या भाषेत मेल चालतात त्यात तो करा, आणि पदांच्या जागी खरी नावं घाला. ‘उत्पादन विभाग’ हे कुणाचंच नाव नाही.

> विषय: स्टोअर बारकोड: ६ ऑक्टोबर, दुपारी ३:१५, पहिली मीटिंग (तुमचं काम खाली आहे)
>
> सर्वांना नमस्कार,
>
> आपल्या स्टोअरची नोंद ७ डिसेंबरपासून बारकोडवर चालेल. हे काम नियोजन विभागाकडे दिलं आहे. रोजचे निर्णय नियोजन विभाग घेईल, अडलं तर माझ्याकडे येईल.
>
> का: सप्टेंबरमध्ये १०० वस्तू मोजल्या, त्यातल्या ६८ नोंदीशी जुळल्या. २३ जानेवारीला त्याच रीतीने मोजल्यावर ९५ जुळायला हव्यात.
>
> यात काय नाही: जॉबवर्कवर बाहेर असलेला माल, तयार व्हॉल्व्ह आणि भंगार.
>
> पहिल्या मोजणीबद्दल: ५ आणि ६ डिसेंबरच्या मोजणीत जी तूट निघेल ती कुणाही व्यक्तीच्या नावावर टाकली जाणार नाही. हा माझा निर्णय आहे. म्हणून जे रॅकवर आहे तेच लिहा.
>
> कुणाकडे काय:
> स्टोअरप्रमुख: रॅकची मांडणी, लेबलं, मोजणीच्या जोड्या.
> डिझाइन: दुहेरी कोडांपैकी कुठला ठेवायचा ते.
> हिशेब: मोजणीतला फरक, एका वस्तूत ५,००० रुपयांपर्यंत. त्यावर असेल तर मी.
> उत्पादनप्रमुख: स्कॅनर बंद असताना माल कसा द्यायचा त्याचा नियम.
> पाळी सुपरवायझर: रात्री काढलेला प्रत्येक नग त्याच वेळी स्कॅन करणे.
> खरेदी: ४ डिसेंबरला संध्याकाळी ५ नंतर दोन दिवस माल आत येणार नाही, असं पुरवठादारांना कळवणे.
> सॉफ्टवेअर पुरवठादार: ७ ते १२ डिसेंबर एक माणूस पूर्ण वेळ आपल्याकडे.
>
> तारखा:
> २४ ऑक्टोबर: एक वस्तू, एक कोड, एक जागा अशी यादी डिझाइन विभागाच्या सहीने तयार.
> ४ नोव्हेंबर: सर्व कप्प्यांवर लेबलं लागलेली.
> ५ आणि ६ डिसेंबर: पूर्ण मोजणी. स्टोअरची आवक-जावक बंद.
> ७ डिसेंबर: स्कॅनरवर पहिला माल दिला. जुनी फाइल फक्त पाहण्यासाठी.
> २३ जानेवारी: १०० वस्तूंची फेरमोजणी.
>
> पहिली मीटिंग: मंगळवार, ६ ऑक्टोबर, दुपारी ३:१५ ते ४:००. पहिली १५ मिनिटं स्टोअरमधल्या रॅकपाशी, मग वरच्या मीटिंगच्या खोलीत. पहिल्या पाळीच्या सुपरवायझरची ही ४५ मिनिटं ड्युटीत धरली जातील.
> ठरवायचं आहे: मोजणीच्या जोड्या, रात्रीच्या स्कॅनरची जागा, स्कॅनर बंद असतानाचा नियम.
> आणायचं आहे: स्टोअरने रॅकचा हाताने काढलेला नकाशा, डिझाइनने दुहेरी कोड असल्याचा संशय असलेल्या वस्तूंची यादी, उत्पादनाने गेल्या महिन्यात असेंब्ली कुठल्या वस्तूंसाठी थांबली ती नावं.
>
> येऊ शकत नसाल तर निर्णय घेऊ शकेल असा माणूस पाठवा आणि त्याचं नाव १ ऑक्टोबरपर्यंत नियोजनाला कळवा. तुमच्यापुढे लिहिलेलं काम किंवा तारीख चुकीची वाटत असेल तर तेही याच तारखेपर्यंत सांगा.

यात मीटिंगची वेळ सव्वातीन का, ते सांगते. तुमच्या पाळ्या सात, तीन आणि अकरा अशा असतील, तर पहिल्या पाळीचा सुपरवायझर तेव्हा नुकता मोकळा झालेला असतो आणि दुसऱ्याने लाइन सांभाळलेली असते. सकाळी अकराला बोलावलं तर तो लाइन सोडून येत नाही, आणि यावंही नाही. त्या आठवड्यात रात्रपाळीवर असलेला माणूस मात्र कुठल्याही वेळी येऊ शकणार नाही, तो झोपलेला असतो. त्याच्याशी तुम्ही आधीच बोलला असाल, आणि ‘रात्रीच्या स्कॅनरची जागा’ या मुद्द्यावर त्याचं म्हणणं त्याच्या नावानिशी मीटिंगमध्ये मांडा.

पहिली १५ मिनिटं रॅकपाशी ठेवली आहेत. शंभरांतल्या न जुळलेल्या बत्तीसपैकी तीन वस्तू तिथे हातात घ्या: एक दोन कोडांची, एक दोन जागी ठेवलेली, एक स्लिप न लिहिता गेलेली. तिन्ही चुकांचं कारण वेगळं आहे आणि उपाय करणारा विभागही वेगळा आहे. हे खोलीत पडद्यावर दाखवलं तर वाद होतो. रॅकपाशी उभं राहून पाहिलं की डिझाइनवाला स्वतःच म्हणतो, हा कोड आमच्याकडून आला आहे. उरलेल्या अर्ध्या तासात तिन्ही निर्णय घ्या. सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक त्या दिवशी ठेवू नका. ते सुरू झालं की तासभर तेच चालतं आणि जोड्या ठरत नाहीत.

मेल सोमवारी २८ सप्टेंबरला सकाळी जाऊ द्या. त्याहून आधी पाठवला तर विसरला जातो, उशिरा पाठवला तर २ ऑक्टोबरची सुटी मध्ये येते आणि तयारीला दिवस उरत नाहीत. ‘प्रति’मध्ये फक्त ज्यांच्यापुढे ओळ लिहिली आहे तेच असू द्या. ज्यांना नुसतं माहीत असावं, जसे विक्री विभाग आणि बाहेरचे लेखापरीक्षक, त्यांना ‘प्रत’मध्ये, म्हणजे सीसीत, ठेवा. चाळीस जणांना सरसकट ‘प्रति’त टाकलं की प्रत्येकाला वाटतं हे दुसऱ्या कुणासाठी आहे. मीटिंगचं निमंत्रण कॅलेंडरवर वेगळं पाठवा. मजकूर मेलमध्येच लिहा, जोडपत्रात नको. फोनवर मेल पाहणारा माणूस जोडपत्र उघडत नाही, आणि तुमचे दोन सुपरवायझर मेल फोनवरच पाहत असणार.

स्टोअरमध्ये माल उचलणारी मुलं मेल पाहतच नाहीत. त्यांच्यासाठी एका पानाची गुजराती सूचना फळ्यावर लावा. तिच्यात चारच गोष्टी असू द्या: ५ आणि ६ डिसेंबरला मोजणी, तुटीबद्दल शेठचं म्हणणं, ७ पासून स्कॅन केल्याशिवाय माल नाही, आणि शंका असेल तर कुणाला विचारायचं. ती स्टोअरप्रमुखांनी पाळीच्या सुरुवातीला स्वतः वाचून दाखवावी. तुम्ही वाचली तर ती ऑफिसची सूचना होते, त्यांनी वाचली तर ते स्टोअरचं काम ठरतं.

मेल पोचला की नाही हे उत्तरांच्या संख्येवर ओळखू नका. ‘नोटेड’ आणि अंगठ्याचं चित्र यातून काहीच कळत नाही. बुधवारी ३० तारखेला तीन जणांना चालता चालता विचारा, ‘मंगळवारी तुम्ही काय आणणार आहात?’ स्टोअरप्रमुख ‘रॅकचा नकाशा’ म्हणाले तर मेल वाचला गेला. ‘बघतो मेल’ म्हणाले तर त्या ओळीपुरतं समोर बसून बोला. पुन्हा सगळ्यांना आठवणीचा मेल पाठवू नका, कारण ज्यांनी वाचला आहे त्यांना तो खुपतो आणि ज्यांनी वाचला नाही ते दुसराही वाचत नाहीत. एखाद्याने तारीख चुकीची आहे असं कळवलं तर ती चांगली खूण समजा. त्याने आपली ओळ खरंच वाचली आहे.

खरेदी विभागाने ४ डिसेंबरची आवकबंदी जमणार नाही असं म्हटलं, आणि ते म्हणण्याची शक्यता मोठी आहे, तर लगेच तारीख हलवू नका. आधी विचारा, त्या दोन दिवसांत नेमका कुठला ट्रक अपेक्षित आहे. बहुधा एखादाच असतो, कास्टिंगचा. तो आला तर माल गेटजवळ वेगळा उतरवून, ताडपत्रीखाली, ‘मोजणीत नाही’ असं लिहून ठेवता येतो आणि सोमवारी त्याची जीआरएन, म्हणजे आवकेची नोंद, होते. हा अपवाद मीटिंगआधी सुटला तर उत्तम. नाहीतर ६ तारखेच्या कामकाजात चौथा मुद्दा म्हणून घाला.

मीटिंग झाल्यावर त्याच दिवशी सातच्या आत, शेठच्या मूळ मेललाच उत्तर म्हणून तिन्ही निर्णय पाठवा: निर्णय, नाव, तारीख, एवढंच. नवा मेल सुरू करू नका, म्हणजे डिसेंबरात कुणालाही एकाच ठिकाणी मूळ तारखा आणि झालेले बदल दोन्ही सापडतील. एखादी तारीख बदलली तर जुनी खोडलेली दिसू द्या आणि शेजारी कारण लिहा. यादीची २४ ऑक्टोबरची तारीख एका आठवड्याने सरकली तर लेबलांना ४ नोव्हेंबरआधी चारच दिवस उरतात, आणि ते दिवस दिवाळीच्या डिस्पॅचचे असतात. म्हणून ती एक तारीख सरकणार असं दिसताच दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता शेठना सांगा. बाकीच्या तारखांना थोडी हालचाल सोसते, हिला सोसत नाही.